केराटिनच्या बुकिंगला ॲडव्हान्स किती घ्यावा?

"ताई, माझं नागपुरात मनीषनगरला दोन खुर्च्यांचं लेडीज पार्लर आहे. मी आणि एक मदतनीस मुलगी. थ्रेडिंग-हेअरकटच्या बायका अशाच चालत येतात, त्यांचं काही नाही. पण केराटिन, ग्लोबल कलर, हायलाइट्स अशी तीन-चार तासांची कामं फोनवर बुक होतात आणि महिन्याला पाच-सहा जणी येतच नाहीत. फोनही उचलत नाहीत. ॲडव्हान्स मागितला की 'आम्ही काय पळून चाललो का?' म्हणतात. किती घ्यावा, कोणाकडून घ्यावा, आणि नाही आल्या तर परत द्यावा का? माझी बहीण समुपदेशन करते, तिलाही हाच त्रास आहे. दोघींना एकच नियम चालेल का?"

तुम्ही सांगितलं त्यावरून माझं उत्तर पाचशे रुपये. तेही फक्त दोन तासांच्या वरच्या कामाला, आणि फक्त नवीन ग्राहकाकडून किंवा जी जुनी ग्राहक एकदा न कळवता चुकली तिच्याकडून. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवलं तर पूर्ण परत, काही न विचारता. बहिणीला हा नियम जसाच्या तसा चालणार नाही, ते शेवटी सांगते.

पण पाचशे हा आकडा माझ्या तोंडून ऐकून लावू नका. तुमचं भाडं वेगळं, दर वेगळे. आकडा कसा काढायचा ते नीट सांगते, म्हणजे उद्या दर वाढले की तुम्हाला तो पुन्हा काढता येईल.

आधी वही उघडा. मागच्या आठ आठवड्यांची जेवढी लांब कामं बुक झाली ती सगळी एका पानावर लिहा. तारीख, वार, वेळ, काम, ग्राहक नवी की जुनी, बुकिंग किती दिवस आधी झालं, आली की नाही. हे पान लिहिल्याशिवाय ॲडव्हान्स लावू नका, कारण न येण्याची कारणं त्यात दिसतात आणि सगळीच पैशाने सुटणारी नसतात.

मी त्रिमूर्तीनगरला दोन खुर्च्यांवर काम करत होते तेव्हा असं पान पहिल्यांदा लिहिलं. मे महिन्यात चुकलेल्या जवळजवळ सगळ्या जणी दुपारी बारा ते तीनच्या होत्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. दुपारी एकला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर निघायचं, आणि केस करून पुन्हा त्याच उन्हात घामाघूम होत घरी जायचं, हे बुकिंग करताना लक्षात येत नाही. निघायच्या वेळी येतं. त्या बायकांकडून पैसे घेतले असते तर त्या चिडून आल्या असत्या किंवा चिडून आल्या नसत्या. मी फक्त वेळा बदलल्या. एप्रिल-मेमध्ये लांब काम सकाळी साडेआठला नाहीतर संध्याकाळी चारनंतर. निम्मा प्रश्न तिथेच गेला. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, मोर्चांमुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात, तेव्हा त्या बाजूने येणाऱ्या जणी तासभर उशिरा पोचतात. तो उशीर आहे, गैरहजेरी नाही. वहीत दोन्ही वेगळं लिहा.

उरलेल्या नावांकडे पाहिलं तर दुसरी गोष्ट दिसते. ज्यांनी दहा-बारा दिवस आधी बुक केलं त्या जास्त चुकतात, परवाचं बुकिंग घेतलेल्या कमी. आणि नवीन ग्राहक जास्त चुकतात. नवीन बाई तीन पार्लरला फोन करते, तिघींकडे वेळ घेते, जिथे जमेल तिथे जाते. बाकी दोघींना कळवायचं तिच्या डोक्यातही येत नाही. तिच्यासाठी तो फोन म्हणजे चौकशी होती, तुमच्यासाठी ते बुकिंग होतं. ॲडव्हान्सचं खरं काम इथे आहे. चौकशी कुठे संपली आणि बुकिंग कुठे सुरू झालं, हे दोघींना एकाच वेळी कळतं.

मी या बाबतीत दोन चुका केल्या आहेत, दोन्ही दिशांनी.

पहिल्यांदा लाजत लाजत शंभर रुपये लावले. वाटलं, निदान सवय तरी लागेल. झालं उलटंच. आधी न येणाऱ्यांपैकी काही जणी तरी ओशाळून फोन करायच्या, "ताई, सॉरी, जमलं नाही." शंभर रुपये दिल्यावर तेही बंद झालं. एक जण पुढच्या वेळी सरळ म्हणाली, "तुमचे शंभर राहिले ना तुमच्याकडे, मग झालं." तिच्या दृष्टीने तिने न येण्याची किंमत चुकती केली होती. नंतर कळलं की हे इतरत्रही पाहिलं गेलं आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून १० पैकी ६ पाळणाघरांत दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की छोटासा दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी सुमारे दुप्पट झाले. दंड काढून टाकला तरी आकडा पुन्हा खाली आला नाही. आधी जी शरम होती तिची जागा दराने घेतली, आणि दर परवडणारा होता. म्हणून फार लहान रक्कम ही रक्कम न घेण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्यांदा मी रागाने निम्मं बिल आगाऊ घ्यायला लागले. साडेतीन हजारांच्या केराटिनला साडेसतराशे. महिनाभरात लांब कामांची बुकिंगं निम्म्यावर आली. आणि एक प्रसंग असा झाला की तो अजून मनातून जात नाही. एका ग्राहकाचे सासरे आदल्या रात्री गेले. ती आली नाही, कळवलंही नाही, कोण कळवेल अशा वेळी? मी नियम म्हणून पैसे ठेवले. तेराव्यानंतर तिच्या जावेकडून मला कळलं. मी घरी जाऊन पैसे परत दिले, तिने घेतलेही, पण ती पुन्हा पार्लरला आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

आता हिशेब. तो मी तेव्हाच्या माझ्या आकड्यांवर करून दाखवते, तुम्ही तुमचे घाला.

खालची मर्यादा आधी काढू. भाडं सोळा हजार, मुलीचा पगार बारा हजार, वीजबिल पाच हजार, टॉवेल धुणं, पाणी, फोन, चहा मिळून तीन हजार, आणि माझा स्वतःचा पगार चौदा हजार. स्वतःचा पगार धरायचाच, बहुतेक जणी तो विसरतात. एकूण झाले पन्नास हजार. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज आठ तास, दोन खुर्च्या, म्हणजे ४१६ खुर्ची-तास. पन्नास हजाराला ४१६ ने भागलं की साधारण १२० रुपये येतात. कोणी बसो न बसो, एक खुर्ची तासाला एकशेवीस रुपये खाते. केराटिनला साडेतीन तास लागतात, म्हणून ४२० रुपये. याच्या खाली आगाऊ रक्कम ठेवली तर ती खुर्चीचं भाडंही भरत नाही.

वरची मर्यादा म्हणजे ती न आल्याने माझं खरोखर किती बुडालं. बिल ३५००, त्यात क्रीम, शाम्पू, मास्क, ग्लोव्ह्ज मिळून ९०० चा माल. माल वापरलाच नाही, म्हणजे तो वाचला. बुडाले २६००. पण तेही पूर्ण बुडत नाहीत. माझ्या वहीत न आलेल्या दहा जणींपैकी चार जणी पंधरा दिवसांत स्वतःहून परत आल्या आणि काम करून गेल्या. त्यांचं उत्पन्न लांबलं, गेलं नाही. खरे बुडाले सहा जणींचे, म्हणजे १५,६००. शिवाय त्या दहा रिकाम्या वेळांत अचानक आलेल्या थ्रेडिंग-हेअरकटमधून मिळून तीन हजार मिळाले. ते वजा केले की १२,६००. दहाने भागा, १२६०. एका न येण्याचं सरासरी खरं नुकसान बाराशे साठ रुपये, पस्तीसशे नाही आणि सव्वीसशेही नाही.

तर रक्कम ४२० आणि १२६० च्या मध्ये कुठेतरी. मी खालच्या टोकाला राहून पाचशे ठरवले, आणि त्याचं कारण असं. मला या पैशातून नुकसान भरून काढायचं नाही. मला ग्राहकाचा फोन हवा आहे, आदल्या दिवशी, वेळेवर. तो फोन आला तर ती जागा मी दुसरीला देऊ शकते. पाचशेची नोट घरातल्या बाईला आठवते. ती सोडून द्यावी असं वाटत नाही, आणि ती देताना नवऱ्याला विचारावं लागत नाही. ही दुसरी गोष्ट तुमच्या आकड्याला लावून बघा. साडेसतराशेला अनेक जणींना घरी विचारावं लागत होतं, आणि "विचारून सांगते" म्हटलेलं बुकिंग परत येत नाही.

हायलाइट्सना साडेचार-पाच तास लागत असतील तर त्याच हिशेबाने सहाशे येतील. तरीही पाचशेच ठेवा. दोन दर ठेवले की फोनवर मुलगी गोंधळते. नवरीचं बुकिंग हा पूर्ण वेगळा विषय आहे. तिथे एका तारखेसाठी तुम्ही दुसऱ्या नवऱ्या नाकारता, त्यामुळे रक्कम मोठी आणि लेखी असावी. ते इथे मिसळू नका. थ्रेडिंग, वॅक्सिंग, साधा हेअरकट यांना कधीच नको.

आता मागायचं कसं. "आम्ही काय पळून चाललो का?" हे वाक्य मीही खूप ऐकलं आहे. ते येतं, कारण आपण विश्वासाचा प्रश्न असल्यासारखं मागतो, आवाज खाली जातो, "काय आहे ना ताई, आजकाल लोक येत नाहीत..." म्हणजे तुम्ही तिला त्या लोकांत बसवलंत. 'डिपॉझिट' म्हणू नका, 'दंड' तर नाहीच. 'बुकिंगचे पैसे' म्हणा, आणि वेळेशी जोडून सांगा. माझी मदतनीस मुलगी फोनवर हेच बोलते: "ताई, केराटिनला साडेतीन तास लागतात, तेवढा वेळ ती खुर्ची फक्त तुमच्यासाठी ठेवते. बुकिंगचे पाचशे पाठवा, बिलातून वजा होतील. जमणार नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सांगा, लगेच परत करते." एवढंच. मग थांबायचं. आपणच पुढे खुलासे देत बसलो की समोरची घासाघीस सुरू करते.

फोननंतर व्हॉट्सॲपवर तेच लिहून जातं. माझा मजकूर असा असतो: "शनिवार, सकाळी १०.३०, केराटिन, अंदाजे साडेतीन तास. बुकिंगचे ₹५०० मिळाले, बिलातून वजा होतील. वेळ बदलायची किंवा रद्द करायची असेल तर शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा, पूर्ण रक्कम परत. त्यानंतर कळवल्यास किंवा न आल्यास ही रक्कम परत होणार नाही. आजारपण, घरातली अडचण असेल तर फोन करा. आमच्याकडून काम रद्द झालं तर रक्कम त्याच दिवशी परत." पैसे येईपर्यंत जागा धरून ठेवायची ती त्या दिवशी रात्री आठपर्यंत. नंतर ती मोकळी. आणि पैसे आल्याची खात्री स्वतःच्या खात्यात करा, ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. ज्यांच्याकडे यूपीआय नाही त्या येता-जाता रोख देतात, त्यांना चिठ्ठीवर लिहून द्या.

'चोवीस तास आधी' असं लिहू नका. दुपारी दोनच्या कामाला आदल्या दुपारी दोन ही वेळ कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि मग दहा मिनिटांवरून वाद होतो. 'आदल्या दिवशी संध्याकाळी सहा' सगळ्यांना कळतं. सहाच का? कारण त्यानंतर मला दीड-दोन तास मिळतात, प्रतीक्षेतल्या जणींना फोन करायला. आठनंतर कोणी उद्याचं ठरवत नाही, स्वयंपाकाची वेळ असते.

आणि आठवणीचा मेसेज त्या मुदतीच्या आधी जायला हवा. हे मी पुष्कळ पार्लरमध्ये चुकलेलं पाहिलं आहे. मुदत संध्याकाळी सहाची आणि आठवण रात्री नऊला किंवा कामाच्या दिवशी सकाळी. बाई तेव्हा बघते, तिला आठवतं की उद्या मुलाची शाळेत मीटिंग आहे, पण पैसे तर गेलेच, मग कळवायचं कशाला? आठवण आदल्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला पाठवा. तिच्या हातात अडीच तास असतात. माझ्याकडचे रद्द होणारे जवळपास सगळे फोन तीन ते सहा या वेळेतच येतात.

कलरच्या बाबतीत तुमच्या हातात आणखी एक साधन आहे. हेअर कलरच्या खोक्यावर ४८ तास आधी ॲलर्जीची चाचणी करायला सांगितलेलं असतं. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून बघायचा. बहुतेक पार्लरमध्ये ती टाळतात. टाळू नका. एक तर ती ग्राहकाच्या जिवासाठी आहे, काळ्या-तपकिरी रंगांत असणाऱ्या पीपीडी नावाच्या द्रव्याने काही जणींचा चेहरा सुजतो. आणि दुसरं म्हणजे, जी बाई दहा मिनिटांच्या चाचणीसाठी पार्लरची पायरी चढून येते ती सहसा मुख्य कामालाही येते. बुकिंगचे पैसे मी त्याच भेटीत घेते, समोरासमोर, शेड दाखवून झाल्यावर. तिथे "पळून चाललो का" हे वाक्य कधी येत नाही. चाचणीत खाज किंवा लाली आली तर पैसे तिथल्या तिथे परत, कारण ते काम आपणच नाकारतो आहोत.

परत कधी द्यायचे हे आता उघडच आहे, पण दोन जागी घट्ट राहा आणि दोन जागी सैल.

घट्ट कुठे? मुदतीच्या आत कळवलं की पैसे पंधरा मिनिटांत परत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. "पुढच्या वेळी वळते करू" हे फक्त तिने स्वतः म्हटलं तर. परत मिळालेले पाचशे रुपये तुमच्या नियमाची सगळ्यात मोठी जाहिरात असतात. ती चार जणींना सांगते की मागितल्याबरोबर दिले. आणि दुसरी घट्ट जागा, चूक आपली असेल तर. लाईट गेली, मुलगी आली नाही, आधीचं काम दोन तास लांबलं, तर पैसे लगेच परत आणि नवीन वेळेला बुकिंगचे पैसे नाहीत. तुम्ही तिच्या वेळेची किंमत लावली नाही तर तिने तुमच्या वेळेची का लावावी?

सैल कुठे? आजारपण आणि मृत्यू. पुरावा मागू नका. दवाखान्याची चिठ्ठी दाखवा म्हणणारं पार्लर मला नको आहे. वर्षात एखादी खोटं बोलेल, बोलू दे. पण तेच नाव तिसऱ्यांदा आलं तर पुढच्या वेळी तिला आगाऊ बुकिंग न देता "सकाळी फोन करा, जागा असेल तर या" असं सांगा. दुसरी सैल जागा जुन्या ग्राहकांची. पाच-सात वर्षांच्या ताईला अचानक बुकिंगचे पैसे मागितले तर ती पैशाने नाही, मनाने दुखावते. तिला फक्त आठवणीचा मेसेज. ती एकदा न कळवता चुकली तर पहिल्यांदा प्रेमाने सांगा, की त्या दिवशी मी खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती, आणि पुढच्या लांब कामाला पाचशे घ्या. सवलत कोणाला द्यायची हे मात्र फक्त तुम्ही ठरवायचं. मदतनीस मुलीच्या हातात ते राहिलं तर तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या बहिणी अशा सगळ्या सुटतात, आणि नियम फक्त परक्यांना लागतो.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ चा अर्थ असा की करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाई घेता येते, मनाला येईल तेवढी नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अवाजवी मोठी अनामत आणि नुकसानीच्या मानाने फार जास्त दंड हे 'अनुचित करारा'त धरले आहेत. म्हणून वरच्या मर्यादेचं ते पान जपून ठेवा. पाचशे तुमच्या खऱ्या नुकसानीच्या निम्म्याहून कमी आहेत, हे ते पान दाखवतं. अट आधी लिहून दिलेली असणंही तितकंच गरजेचं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, दोन खुर्च्यांना बहुधा नाही. नोंदणी असेल तर सेवेच्या आगाऊ रकमेवर कर ती मिळाल्यावरच लागू होतो, काम झाल्यावर नाही. त्या पाचशेचीही पावती करा.

आता अपेक्षा किती ठेवायची. माझा पहिला नीट महिना असा गेला. आधी महिन्याला २४ लांब बुकिंगं, त्यातल्या ६ न येणाऱ्या. आलेल्या १८, आणि सहांपैकी साधारण दोघी नंतर येत, म्हणजे २० कामं. पाचशे लावल्यावर २४ पैकी दोघींनी नको म्हटलं. राहिल्या २२. एक आली नाही. चार जणींनी आदल्या दिवशी कळवलं, त्यातल्या तिघींनी दुसरी तारीख घेतली आणि आल्या, आणि मोकळ्या झालेल्या चार जागांपैकी दोन प्रतीक्षेतल्या बायकांनी भरल्या. सतरा अधिक तीन अधिक दोन, बावीस कामं. म्हणजे महिन्याला दोन कामं जास्त, साधारण ५२०० रुपये. मोठी लॉटरी नाही. पण बारकाईने पाहा, आणखी दोन येणाऱ्या ग्राहकांनी नकार दिला असता तर हा सगळा फायदा शून्य झाला असता. म्हणून वहीत 'नकार' असा रकाना ठेवाच. आल्या-न आल्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, पैसे ऐकून फोन ठेवणारी कोणाच्याच हिशेबात येत नाही.

आठ आठवड्यांनी ते पान पुन्हा वाचा. जप्त झालेले पाचशे वाढत असतील आणि आदल्या दिवशीचे फोन वाढत नसतील, तर नियम फसला आहे, गल्ल्यात पैसे दिसत असले तरी. मग आधी आठवणीची वेळ तपासा, नंतर रक्कम. नकार वाढले असतील तर रक्कम कमी करण्याआधी फोनवरची मुलगी काय बोलते ते शेजारी बसून ऐका, बहुतेकदा दोष तिथे सापडतो. आणि सगळ्या जणी मुदत टळल्यावर रात्री आठलाच फोन करत असतील, तर तुम्ही एक-दोनदा त्या वेळीही पैसे परत दिले असणार आणि ते पसरलं असणार.

बहिणीचं. माझी नणंद धरमपेठेत समुपदेशन करते, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. केस रंगवायला न येणाऱ्या बाईचं न येणं म्हणजे फक्त न येणं. समुपदेशनाला न येणाऱ्याचं न येणं हा कधी कधी त्याच्या त्रासाचाच भाग असतो. अंथरुणातून उठवत नाही, बोलायची भीती वाटते, घरच्यांनी अडवलं. तिथे पैसे आपोआप जप्त झाले तर तो माणूस दुसऱ्यांदा दार वाजवत नाही. म्हणून ती अनामत घेत नाही. पहिल्या भेटीची पूर्ण फी आदल्या दिवशी घेते, म्हणजे वेगळा 'बुकिंगचा' व्यवहारच राहत नाही. न आल्यास त्याच दिवशी स्वतः फोन करते. पहिली चुकलेली भेट पुढे ढकलते, फी तशीच धरून. सलग दुसऱ्यांदा तसं झालं तर निम्मी फी ठेवते, आणि हे पहिल्याच भेटीत समोर बसवून बोललेलं असतं. ज्या कोणाच्या बोलण्यात जीव द्यायचे विचार आले आहेत त्याच्यासाठी हा नियम लागूच नाही. तो आला नाही की पैशाचा विचार नाही, आधी संपर्क, ठरलेल्या घरच्या माणसाला फोन. तिची वेळ नसेल तेव्हासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ती पहिल्याच दिवशी लिहून देते.

बहिणीच्या बाबतीत एक काळजी अशी आहे जी पार्लरला नसते. पैसे भरल्याचा मेसेज घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर जाऊ शकतो, कारण खातं नवऱ्याचं किंवा वडिलांचं असतं. क्यूआरवर दिसणारं नाव 'अमुक समुपदेशन केंद्र' असं असेल तर आलेल्या माणसाचं गुपित तिथेच उघडं पडतं. तिने खात्यावर साधं स्वतःचं नाव ठेवावं, व्हॉट्सॲपच्या आठवणीत फक्त वार आणि वेळ लिहावी, आणि पहिल्या फोनवरच विचारावं की मेसेज कोणत्या नंबरवर पाठवू.

सुरुवात कधी करायची? लग्नसराईत नाही. तुळशीच्या लग्नानंतर फोन वाजत असतो, नियम समजावायला वेळ नसतो, आणि चिडून बोललं जातं. पौषात करा, लग्नं नसतात, हात मोकळा असतो. तोवर ते आठ आठवड्यांचं पान पूर्ण होईल. मुलीला फोनवरचं वाक्य पाठ करून घ्या, आरशाजवळ छोटी पाटी लावा, आणि पहिल्या दिवसापासून प्रतीक्षेतल्या नावांची वेगळी यादी ठेवा, "अचानक जागा झाली तर फोन करू का?" असं विचारून. ती यादी नसेल तर संध्याकाळी साडेपाचला आलेल्या रद्दच्या फोनचा काही उपयोग नाही. त्या साडेतीन तासांत बसवायला तुमच्याकडे कोणी असायला हवं.